उताराच्या फुटिंगचे घनफळ: सगळा वाद चार कोपऱ्यांचा

प्रश्न: «फुटिंग २.१० × १.८० मीटर, कडेला जाडी २०० मिमी, कॉलमजवळ ५५० मिमी, कॉलम ३०० × ६०० मिमी. अशी २४ फुटिंग आहेत. ठेकेदाराने लांबी × रुंदी × ५५० धरून बिल लावले आहे. मी वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळांची सरासरी धरली तर आकडा वेगळा आला, सहकाऱ्याने वर्गमुळाचे सूत्र लावले तर तिसराच आला. कोणी म्हणते प्रिझमॉइडल सूत्र लावा. नक्की काय धरायचे आणि का?»

सूत्राकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागेल, कारण उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. जागेवर फुटिंगला खरोखर उतार दिला होता का? हा प्रश्न मी गमतीने विचारत नाही. उताराची बाजू थापीने सारखी करणे हे कटकटीचे काम असते, काँक्रीट जरा पातळ असले की ते खाली घसरत राहते, आणि त्यामुळे अनेक ठिकाणी सेंटरिंगवाला चारी बाजूंनी पूर्ण उंचीच्या फळ्या उभ्या करून सरळ ठोकळाच भरून टाकतो. तसे झाले असेल तर ठेकेदाराने मोजलेले काँक्रीट खरोखर गेलेले असते. मात्र ते गेले म्हणून त्याचे पैसे द्यायचे असे होत नाही. नकाशात उतार असेल आणि ठोकळा भरण्याची लेखी मंजुरी आधी घेतलेली नसेल, तर मोजमाप नकाशाप्रमाणेच धरले जाते आणि जास्तीचे काँक्रीट ज्याने सोयीसाठी भरले त्याच्या खाती राहते. मंजुरी असेल तर ठोकळा धरा, प्रश्न तिथेच मिटला. बिल एकरकमी ठेक्याचे असेल तर घनफळ फक्त तुमच्या माहितीपुरते उरते. यापुढचे सगळे, उतार नकाशात आहे, तो दिला गेला आहे आणि बिल घनमीटरच्या दराने आहे असे धरून लिहीत आहे.

आता आकार पाहू. तुमचे फुटिंग हे दोन आकार एकावर एक ठेवून झालेले आहे. खाली २.१० × १.८० मीटरचा, २०० मिमी जाडीचा सपाट पाट आहे. ही साधी इष्टिकाचिती आहे, तिच्याबद्दल वाद नाही: २.१० × १.८० × ०.२० म्हणजे ०.७५६ घनमीटर. (कडेची ही जाडी जमिनीवरच्या फुटिंगला १५० मिमीपेक्षा कमी नसावी असे आयएस ४५६ सांगते, म्हणून उतार कितीही असला तरी खाली हा पाट राहतोच.) त्याच्यावर उरलेल्या ३५० मिमी उंचीत चारी बाजू आत झुकत जातात आणि वर एक छोटा आयत उरतो. वाद आहे तो फक्त या वरच्या भागाचा.

वरचा आयत म्हणजे कॉलमचा आकार नव्हे, हे तुमच्या प्रश्नात सुटले आहे. कॉलमची फळी उभी राहायला चारी बाजूंना साधारण ५० मिमीची सपाट कड ठेवतात, कुठे ती ७५ मिमी असते. तुमच्या नकाशातल्या उभ्या छेदात ती दाखवलेली असेलच. मी ५० मिमी धरतो. म्हणजे वरचा आयत ०.७० × ०.४० मीटर झाला. ही कड विसरून थेट ०.६० × ०.३० धरले तर प्रत्येक फुटिंगमागे सुमारे ०.०३४ घनमीटर, आणि २४ फुटिंगांत ०.८ घनमीटरहून थोडे अधिक काँक्रीट हिशोबातून गळते. हे नुकसान ठेकेदाराचे होते, आणि तो ते पुढच्या बिलात काढून दाखवतो.

आता बाजूने पाहा. खालची लांबी २.१०, वरची ०.७०, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.७० मीटर उतार. रुंदीतही १.८० उणे ०.४०, निम्मे केले की पुन्हा ०.७०. चारी बाजूंना सारखाच उतार आहे, जसा बहुतेक फुटिंगना असतो.

या वरच्या भागाचे घनफळ कोणतेही सूत्र न लावता काढता येते, आणि एकदा तसे काढून पाहावे असे मी प्रत्येक नव्या इंजिनियरला सांगतो, कारण त्यानंतर सूत्रांमधला वाद आपोआप दिसतो. मनातल्या मनात एक पातळ करवत घ्या आणि वरच्या छोट्या आयताच्या चारी कडांवरून सरळ खाली, पाटापर्यंत, उभे काप द्या. नऊ तुकडे होतील. मधला एक सरळ ठोकळा, त्याचे ०.७० × ०.४० × ०.३५ म्हणजे ०.०९८ घनमीटर. त्याच्या चार बाजूंना चार पाचरी. पाचर म्हणजे ठोकळ्याचा तिरका अर्धा, हे कोणालाही पटते. लांब बाजूच्या दोन पाचरी मिळून ०.७० × ०.७० × ०.३५ म्हणजे ०.१७१५, आणि आखूड बाजूच्या दोन मिळून ०.४० × ०.७० × ०.३५ म्हणजे ०.०९८.

राहिले चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्याचा तळ ०.७० × ०.७० चा चौकोन आहे, पण त्याला उंची फक्त आतल्या एका टोकाला आहे. तिथून तो दोन्ही दिशांना उतरतो. एका दिशेने उतरला असता तर पाचर झाली असती आणि ठोकळ्याच्या निम्मा भरला असता. दोन्ही दिशांनी उतरत असल्यामुळे तो तिरपा पिरॅमिड आहे, आणि पिरॅमिडचे टोक कुठेही असो, त्याचे घनफळ तळ आणि उंचीच्या गुणाकाराच्या एक तृतीयांशच असते. म्हणून एक कोपरा ०.७० × ०.७० × ०.३५ भागिले ३, म्हणजे ०.०५७२, आणि चारही मिळून ०.२२८७ घनमीटर.

सगळे मिळवा: ०.०९८, ०.१७१५, ०.०९८ आणि ०.२२८७. बेरीज ०.५९६२ घनमीटर. खालच्या पाटाचे ०.७५६ जोडले की एका फुटिंगचे १.३५२ घनमीटर. यात अंदाज कुठेच नाही. हा आकाराचा खरा आकडा आहे.

आता प्रिझमॉइडल सूत्र लावून पाहू. ते सांगते की खालचे क्षेत्रफळ घ्या, वरचे घ्या, आणि बरोबर अर्ध्या उंचीवरच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट करून घ्या. तिघांची बेरीज उंचीने गुणा आणि सहाने भागा. खालचे क्षेत्रफळ ३.७८ चौरस मीटर. वरचे ०.२८. मध्यावर लांबी २.१० आणि ०.७० यांच्या मधली, म्हणजे १.४०, आणि रुंदी १.८० आणि ०.४० यांच्या मधली, म्हणजे १.१०. तिथले क्षेत्रफळ १.५४, त्याची चौपट ६.१६. एकूण १०.२२. याला ०.३५ ने गुणून ६ ने भागले की ०.५९६२. तुकडे करून आला तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत.

हा योगायोग नाही. खालून वर जाताना लांबी आणि रुंदी दोन्ही सरळ रेषेत कमी होतात, त्यामुळे कोणत्याही उंचीवरचे क्षेत्रफळ हा उंचीचा वर्गातला हिशोब असतो, आणि प्रिझमॉइडल सूत्र म्हणजे सिम्पसनचा नियमच असल्यामुळे ते वर्गातल्याच काय, घनातल्या फरकापर्यंतही अचूक उत्तर देते. म्हणजे सपाट बाजूंच्या फुटिंगसाठी हे सूत्र बिनचूक आहे. रस्त्याच्या किंवा कालव्याच्या मातीकामात ते अंदाजाचे असते, कारण तिथली जमीन सरळ नसते. बहुधा त्यावरूनच फुटिंगच्या बाबतीतही ते «जवळपासचे सूत्र» आहे असा समज पसरला असावा.

आता तुमच्या तीन आकड्यांकडे वळू. ठेकेदाराचा ठोकळा एका फुटिंगला २.०७९ घनमीटर देतो. खऱ्यापेक्षा ०.७२७ जास्त, म्हणजे दीडपटीहून अधिक. २४ फुटिंगांत त्याचे ४९.९० होतात आणि खरे ३२.४५. फरक सुमारे १७.४ घनमीटरचा, ब्रासमध्ये सांगायचे तर सहा ब्रासहून थोडा अधिक. हाताने मिसळलेले एम-२० काँक्रीट असेल तर घनमीटरला साधारण आठ गोण्या सिमेंट लागते, म्हणजे सुमारे १४० गोण्यांचा फरक. एवढी तफावत मोजमापाची चूक म्हणून सोडून देता येत नाही.

तुमची सरासरी मात्र बरीच जवळ आहे. ३.७८ आणि ०.२८ यांची सरासरी २.०३, गुणिले ०.३५ म्हणजे ०.७१०५. पाट धरून १.४६७, खऱ्यापेक्षा सुमारे साडेआठ टक्के जास्त. ही चूक नेमकी कुठे झाली हे नऊ तुकड्यांवरून दिसते. मधला ठोकळा आणि चार पाचरी सरासरीने बरोबर मोजल्या, पण कोपऱ्यांनाही तिने पाचरच समजले आणि एक तृतीयांशाऐवजी अर्धे धरले. अर्धा उणे तृतीयांश म्हणजे एक षष्ठांश. चार कोपऱ्यांचे तळ गुणिले उंची ०.६८६, त्याचा षष्ठांश ०.११४, आणि तुमच्या आकड्यातली जास्तीची भर नेमकी तेवढीच आहे. काही जण उलट करतात आणि फक्त मधल्या छेदाचे क्षेत्रफळ उंचीने गुणतात. त्यात कोपऱ्यांना पाव धरले जाते, आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. कमी पडणारा भाग तुमच्या जास्तीच्या बरोबर निम्मा, ०.०५७. म्हणजे सरासरी एका बाजूला जितकी चुकते त्याच्या निम्मी मधल्या छेदाची पद्धत दुसऱ्या बाजूला चुकते, आणि प्रिझमॉइडल सूत्र या दोहोंना एकास दोन या प्रमाणात मिसळते. सूत्रातला तो चार कुठून आला, याचे उत्तर इथे आहे.

तुमच्या सहकाऱ्याचे वर्गमुळाचे सूत्र आपण दहावीत शंकूछेदासाठी शिकलो, त्याचेच भावंड आहे: वरचे क्षेत्रफळ, खालचे क्षेत्रफळ आणि दोघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, बेरजेला उंचीने गुणून तीनने भागायचे. शंकूसाठी ते अचूक आहे. पिरॅमिडसाठीही, पण खऱ्या पिरॅमिडसाठी, म्हणजे ज्याच्या बाजू वर वाढवल्या तर एका टोकाला भेटतात अशासाठी. तुमच्या फुटिंगच्या बाजू वर वाढवून पाहा. आणखी १०० मिमी वर गेल्यावर रुंदी संपते, पण लांबी अजून ०.३० मीटर शिल्लक असते. चारी बाजू टोकाला न भेटता एका आडव्या रेषेवर भेटतात. आपल्याकडच्या चौपाखी छपराला वर टोक नसते, आढे असते, तसाच हा आकार आहे. कॉलम चौरस आणि फुटिंगही चौरस असेल तेव्हाच, किंवा वरच्या आणि खालच्या आयतांचे लांबी-रुंदीचे प्रमाण एकच असेल तेव्हाच, टोक येते आणि सहकाऱ्याचे सूत्र तंतोतंत लागू पडते.

नाही आले तर ते किती चुकते? तुमच्या फुटिंगमध्ये अगदी थोडे. ३.७८ गुणिले ०.२८ चे वर्गमूळ १.०२९, घनफळ ०.५९३७, म्हणजे फरक ०.००२५ घनमीटरचा. २४ फुटिंगांत सगळे मिळून ०.०६ घनमीटर, म्हणजे मोजकी घमेली. त्यामुळे सहकाऱ्याशी भांडू नका. पण कॉलम लांबट असेल, उदाहरणार्थ २३० × १५०० मिमीची भिंतीसारखी पट्टी आणि तिच्याभोवती चारी बाजूंना ५० मिमी कड आणि ५०० मिमी उतार, तर उतारभागात हे सूत्र सुमारे २.६ टक्के कमी दाखवते. आणि ते नेहमी कमीच दाखवते, कधीही जास्त नाही, कारण जिथे प्रिझमॉइडल सूत्र दोन तिरक्या गुणाकारांची (खालची लांबी गुणिले वरची रुंदी, आणि वरची लांबी गुणिले खालची रुंदी) साधी सरासरी घेते, तिथे हे सूत्र त्यांचे भौमितिक मध्य घेते, आणि ते सरासरीहून मोठे कधीच नसते. तपासणाऱ्याला हे सूत्र आवडते त्याचे कारण हे असेल का, अशी शंका मला कधीकधी येते.

प्रिझमॉइडल सूत्र लावतानाही एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलेलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शाळेच्या इमारतीचे माप मी मोठ्या अभिमानाने या सूत्राने काढून नेले. आमच्या साहेबांनी कागदाकडे पाहिले, कोपऱ्यात पेन्सिलीने दोन आकडे मांडले आणि विचारले, «सूत्र एवढे मोठे लावलेस, मग उत्तर सरासरीचेच कसे आले?» मी मधले क्षेत्रफळ म्हणून वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळांची सरासरी घातली होती. तसे केले की सूत्र कोसळून पुन्हा सरासरीचेच होते, कारण एक, एक आणि चारपट सरासरी मिळून सहा सरासऱ्याच होतात. तुमच्या फुटिंगमध्ये मधले क्षेत्रफळ १.५४ आहे, सरासरी २.०३. दोन्हींत केवढे अंतर आहे पाहा. सरासरी बाजूंची घ्यायची, क्षेत्रफळांची नाही. कोणाचे गणित तपासताना ही चूक ओळखायला एक सोपी खूण आहे: उत्तर सरासरीच्या पद्धतीशी शेवटच्या अंकापर्यंत जुळत असेल, तर ती हीच चूक आहे.

या चुकीला जागाच राहू नये म्हणून मी मधला छेद वेगळा काढतच नाही. मधल्या दोन्ही बाजू निम्म्या करून गुणायच्या आणि मग चारने गुणायचे, त्यापेक्षा दोन्ही लांबींची बेरीज गुणिले दोन्ही रुंदींची बेरीज केली की थेट चौपट क्षेत्रफळ मिळते: २.८० × २.२० म्हणजे ६.१६. एक्सेलमध्ये लांबी, रुंदी, कडेची जाडी, एकूण जाडी, वरची लांबी आणि वरची रुंदी अनुक्रमे ए ते एफ या रकान्यांत मीटरमध्ये ठेवा, आणि पुढचे सूत्र सगळ्या फुटिंगांवर ओढा. तुमचे आकडे टाकून १.३५२१६७ आले की ते बरोबर लिहिले गेले असे समजा.

```
=A2*B2*C2+(D2-C2)/6*(A2*B2+E2*F2+(A2+E2)*(B2+F2))
```

यात डी मधून सी वजा केले आहे, ते मुद्दाम लक्षात घ्या. सूत्रातली उंची फक्त उताराची असते. एकूण ५५० मिमी तिथे गेली आणि पाटही वेगळा जोडला, तर एका फुटिंगचे १.६९३ घनमीटर येतात, म्हणजे खऱ्यापेक्षा पाव पट जास्त. हा घोटाळा वाढतो तो नकाशांमुळे. काही कार्यालयांच्या फुटिंगच्या तक्त्यात मोठ्या जाडीच्या रकान्यात एकूण जाडी लिहिलेली असते, काहींच्या तक्त्यात पाटाच्या वरची. तक्त्यावर विसंबून न राहता एकदा उभा छेद पाहून खात्री करावी, कारण तिथे मापाच्या बाणाची दोन टोके कुठे टेकली आहेत ते स्पष्ट दिसते. बेरजेतही एक छोटी गोष्ट आहे: घनफळ दोन दशांशांपर्यंत लिहायचे असते, पण एका फुटिंगचे १.३५ करून मग २४ ने गुणू नका. आधी २४ ने गुणा, मग अंक तोडा. नाहीतर ३२.४५ चे ३२.४० होतात.

तुमच्या चोवीसात हद्दीलगतची फुटिंग असतील, तर तिथे कॉलम मधोमध नसून एका कडेला सरकलेला असेल आणि एक बाजू उताराऐवजी उभीच असेल. त्यासाठी वेगळे सूत्र शोधू नका. वरचा आयत कुठे बसला आहे याने घनफळ बदलत नाही, फक्त त्याची मापे किती आहेत एवढेच मोजले जाते. पत्त्यांचा कॅट एका बाजूला ढकलला तर तो तिरका दिसतो पण पत्ते तेवढेच राहतात, तसेच आहे. त्याच आयतांचे तेच घनफळ, एक्सेलची तीच ओळ.

एक ठिकाण मात्र आहे जिथे हे सगळे नकाशापुरते खरे राहते, आणि ते म्हणजे प्रत्यक्ष उतार. तुमचा उतार एकास दोनचा आहे, म्हणजे सुमारे साडेसव्वीस अंशांचा. माझ्या अनुभवात हीच साधारण मर्यादा असते. याहून उभा उतार वरून फळी न मारता टिकत नाही, आणि एवढा उतारही टिकायला काँक्रीट घट्ट लागते. पातळ काँक्रीट आले, वर व्हायब्रेटर जास्त फिरला, की वरचा भाग खचतो आणि मधे पोट सुटते. हे ओळखायला खालच्या कडेपासून वरच्या सपाट कडेपर्यंत लाईनदोरी ताणा. दोरी मधेच काँक्रीटला टेकली की पोट आहे. किती आहे हे मोजायचे असेल तर पाटापासून १७५ मिमी उंचीवर, म्हणजे उताराच्या बरोबर मध्यावर, फुटिंगची लांबी आणि रुंदी प्रत्यक्ष टेपने घ्या. समजा ती १.४० × १.१० ऐवजी १.४६ × १.१६ आली, म्हणजे प्रत्येक बाजूला ३० मिमीचे पोट. मधले क्षेत्रफळ १.६९४ झाले, आणि तेच सूत्र आता ०.६३२ घनमीटर देते. एका फुटिंगला ०.०३६ जास्त. इथे सूत्र अचूक राहिले नाही, पण फार जवळ राहिले, आणि ते शक्य झाले केवळ मधला छेद सरासरीने न धरता मोजून घेतल्यामुळे. वर्गमुळाच्या सूत्रात मधले माप घालायला जागाच नसल्यामुळे हे काम त्याच्याने होत नाही.

हे पोटाचे काँक्रीट बिलात येत नाही. ते मागणीत येते. गाडीचे काँक्रीट मागवताना मी नकाशाच्या ३२.४५ घनमीटरवर पोट आणि पीसीसीचा खालीवरपणा धरून थोडी वाढ करतो. पीसीसी १० मिमी खाली राहिली तरी ३.७८ चौरस मीटरवर ०.०३८ घनमीटर जास्त जाते, म्हणजे पोटाइतकेच. ही दोन्ही कारणे एकाच वेळी लागली तर २४ फुटिंगांत पावणेदोन घनमीटर वाढतात. ही वाढ ठेकेदार कधीकधी «बघा, जास्त काँक्रीट लागलेच ना» म्हणून ठोकळ्याच्या बाजूने पुरावा म्हणून मांडतो. गाडीच्या पावत्यांची बेरीज करून पाहा. उतार दिला असेल तर ती ३४ घनमीटरच्या आसपास असेल, ठोकळे भरले असतील तर पन्नाशीला टेकेल. या दोहोंच्या मधे एवढे अंतर आहे की जागेवर काय घडले हे सहसा पावत्याच सांगून टाकतात. काम हाताने मिसळून केले असेल आणि पावत्या नसतील तर एखाद्या फुटिंगच्या कोपऱ्याजवळ भरावाची माती काढून पाहा. कोपराच पाहा, बाजू नव्हे, कारण ठोकळा आणि उतार यांच्यातला सर्वांत मोठा फरक तिथे असतो. खालच्या कोपऱ्यापासून दोनशे मिमी वर काँक्रीट संपून माती लागली, तर उतार दिलेला आहे.

बिल तपासताना भरावाची बाबही उघडून पाहा, कारण ठोकळ्याची चूक तिथे दुसऱ्यांदा दिसते. भराव म्हणजे खोदाईतून पीसीसी, फुटिंग आणि जमिनीखालचा कॉलम वजा करून उरलेले. फुटिंग ठोकळा धरून वजा केले असेल तर भराव १७.४ घनमीटरने कमी आला असेल, आणि फुटिंग दुरुस्त केल्यावर तो तेवढा वाढवून द्यावा लागेल. आणि जर काँक्रीटच्या बाबीत ठोकळा आणि भरावाच्या बाबीत मात्र उतार धरलेला दिसला, तर ज्याने हे बिल बनवले त्याला फुटिंगचा खरा आकार नीट माहीत होता. त्याच्यासमोर मग सूत्र ठेवायची गरज नाही. दोन्ही पाने शेजारी ठेवा. त्याच वेळी कॉलमचे माप कुठून सुरू केले आहे तेही बघा: ते फुटिंगच्या वरच्या सपाट कडेपासून धरायचे असते. पीसीसीपासून धरले असेल तर ५५० मिमी उंचीचा कॉलम फुटिंगच्या पोटातून पुन्हा मोजला गेला आहे, दर कॉलममागे ०.०९९ घनमीटर, आणि चोवीसांचे जवळपास २.४.